सप्रेम भेट, पण कोणती?

इंग्रजी शुभेच्छापत्रांवर आणि सणासुदीच्या जाहिरातींत एक ओळ वर्षानुवर्षं फिरते आहे : ‘युवर प्रेझेन्स इज द बेस्ट प्रेझेंट.’ ओळीची सगळी गंमत आवाजात आहे. ‘प्रेझेन्स’ म्हणजे समक्ष असणं, ‘प्रेझेंट्स’ म्हणजे भेटवस्तू, आणि कानाला दोन्ही जवळजवळ एकच. काही पाठवू नकोस, तूच ये, एवढंच ती सांगते. पण आवाजाच्या या योगायोगामुळे ते सांगणं उपदेशासारखं वाटत नाही, लाडिक वाटतं.

आता असं समजू, की रात्रीच्या बसगाड्यांची तिकिटं विकणाऱ्या एका कंपनीनं दिवाळीसाठी हीच ओळ घेतली आहे. मुंबई-कोल्हापूर, पुणे-नागपूर अशा मार्गांवर जाणारी तरुण मुलं-मुली हे तिचं गिऱ्हाईक. महाराष्ट्रात होर्डिंग लागणार, रेडिओवर वीस सेकंदांची जाहिरात वाजणार, म्हणून ओळ मराठीत हवी. कंपनी आणि प्रसंग इथे उदाहरणापुरते घेतले आहेत. मात्र ओळ मराठीत आणताना जे जे आडवं येतं, ते जाहिरातीच्या कोणत्याही मराठी लेखकाला दर दिवाळीत भेटणारं आहे.

सरळ भाषांतर दोन मिनिटांत होतं : ‘तुमची उपस्थिती हीच सर्वोत्तम भेट.’ व्याकरणाची चूक नाही, अर्थही सुटलेला नाही. पण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दिवाळी येत नाही, लग्नपत्रिका येते. ‘कृपया आहेर आणू नये, आपली उपस्थिती हाच आमचा आहेर’ ही ओळ कितीतरी पत्रिकांच्या तळाशी छापलेली असते. ‘उपस्थिती’ हा शब्दच निमंत्रणाचा, सभेच्या इतिवृत्ताचा. आई फोनवर मुलाला ‘तुझी उपस्थिती हवी’ असं कधी म्हणत नाही. ती म्हणते, ‘येतोयस ना रे?’

म्हणून या कामाला भाषांतर न म्हणता ट्रान्सक्रिएशन म्हणतात. मराठीत पुनर्सर्जन म्हणता येईल. हा शब्द आज जाहिरातवाले वापरत असले, तरी आपल्याकडे तो साहित्यातून रुजला. कोलकात्यात 1958 साली ‘रायटर्स वर्कशॉप’ ही प्रकाशनसंस्था सुरू करणारे कवी पी. लाल यांनी संस्कृत नाटकं आणि महाभारत इंग्रजीत आणताना आपल्या कामाला हेच नाव दिलं. मराठीला ही कल्पना मुळीच परकी नाही. शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ केली, तेव्हा लंडनच्या फूलवालीचे उच्चार मराठीत उतरवण्याच्या खटपटीत ते पडले नाहीत. मराठीच्या बोलींतले भेद त्यांनी कामाला लावले. नाटकाला जे तीन अंकांत साधायचं असतं, ते जाहिरातीच्या ओळीला चार शब्दांत साधावं लागतं, इतकाच फरक.

चार शब्दांत साधायचं, तर आधी मूळ ओळ नेमकं काय काम करते हे ठरवावं लागतं. शब्द काय म्हणतात हा प्रश्न त्यानंतरचा. आपल्या उदाहरणात ओळीचं काम दुहेरी आहे. घरापासून दूर राहणाऱ्याला ती हलकेच टोचते, की वस्तू पाठवली म्हणजे दिवाळी झाली असं नाही. आणि लगेच हात धरून त्याला घराकडे वळवते. टोचणं जास्त झालं तर ओळ रडकी होते, वळवणं जास्त झालं तर नुसती तिकिटविक्री उरते. शब्दांचा खेळ ही दोन कामं जोडतो, म्हणून तो टाकून देता येत नाही. पण तो जसाच्या तसा आणताही येत नाही, कारण दोन इंग्रजी शब्दांचा सारखा आवाज ही फक्त इंग्रजीची मालमत्ता आहे. मराठीला स्वतःच्या घरात शोधावं लागतं.

असं शोधून सापडतं, याचा एक जुना दाखला जर्मनीतला आहे. बॉन शहरात हान्स रीगल यांनी 1920 साली गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना काढला आणि स्वतःच्या नावाची व गावाच्या नावाची पहिली अक्षरं जोडून ‘हारिबो’ हे नाव केलं. त्यांची जर्मन ओळ म्हणते, की हारिबो मुलांना खूश करतं आणि मोठ्यांनाही तसंच. जर्मनमध्ये ‘हारिबो’, ‘खूश’ आणि ‘तसंच’ या तिन्ही शब्दांचा शेवट ‘ओ’नं होतो, त्यामुळे ओळ आपोआप गुणगुणली जाते. इंग्रजीत ‘खूश’साठी असलेल्या शब्दाला तो शेवट नाही. मग इंग्रजी ओळ करणाऱ्यांनी वाक्यच बदललं : ‘किड्स अँड ग्रोनअप्स लव्ह इट सो, द हॅपी वर्ल्ड ऑफ हारिबो.’ पहिला शब्द असलेलं नाव शेवटी गेलं, ‘सुखी जग’ ही मुळात नसलेली कल्पना आली. पण मुलं, मोठी माणसं, यमक आणि गुणगुण हे चारही धागे शाबूत राहिले. कोणता शब्द सोडायचा आणि कोणता धागा सोडायचा नाही, एवढंच त्यांनी नेमकं ओळखलं.

मराठी लेखकाच्या हाताशी याहून समृद्ध सामग्री आहे, कारण आपले सण ओळी घेऊनच येतात. ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला.’ ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.’ ‘गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या.’ या ओळी कानानं तपासून पाहाव्यात. प्रत्येकीचे दोन तुकडे आहेत. पहिल्या दोन ओळींत आधीच्या तुकड्यात हातात काहीतरी पडतं, दुसऱ्यात त्याच वस्तूचा अर्थ मनाकडे वळतो. गोडी जिभेवरून वाणीत जाते, आपट्याच्या पानाचं सोनं माणसाच्या स्वभावात जातं. गणपतीच्या ओळीत ‘मोरया’चा शेवट ‘या’ला जाऊन मिळतो आणि निरोपच आमंत्रण होतो. क्रियापदं साधी, आज्ञार्थी आणि घरातली : घ्या, बोला, राहा, या. ‘आनंद’, ‘उत्सव’, ‘जादू’, ‘खास क्षण’ यांतला एकही शब्द त्यांत नाही.

इंग्रजी सणवाक्यांना नेमके तसलेच शब्द आवडतात. आनंद उघडा, जादू अनुभवा, क्षण साजरा करा. मराठीत साजरा होतो तो सण, फार तर वाढदिवस. ‘क्षण साजरे करा’ हे वाक्य ऐकताच त्याचा मूळ पत्ता कळतो. मराठी सणाची भाषा हातात धरता येणाऱ्या गोष्टींची आहे : उटणं, पणती, फराळाचा डबा, ओवाळणीचं तबक. त्यामुळे ओळीचा शोध भावनेच्या नावापासून सुरू केला, की बहुधा फसतो. वस्तूपासून किंवा कृतीपासून सुरू केला, तर काहीतरी हाती लागतं.

आपल्या ओळीतली वस्तू म्हणजे भेटवस्तू. तिच्यासाठी मराठीत शब्द कोणते? रोजच्या बोलण्यात तर ‘गिफ्ट’च. मग आहेर, ओवाळणी, नजराणा, भेट.

‘आहेर’ उच्चारताच त्याचा जोडीदार समोर येतो : ‘माहेर’. ‘यंदा आहेर नको, माहेर हवं.’ यमक पक्कं आहे, ठेका आहे, आणि दिवाळीला माहेरी जाण्याची ओढ मराठी मनात खोल आहे. पहिल्या कागदावर हीच ओळ सगळ्यांना आवडेल. पण ती दोन ठिकाणी तोकडी पडते. एक तर ही ओळ फक्त लग्न झालेल्या मुलींची आहे. नागपूरला आईवडिलांकडे निघालेला पुण्यातला मुलगा तिच्यात कुठेच नाही, आणि कंपनीचं निम्मं गिऱ्हाईक तोच आहे. दुसरं, आहेर हा लग्नमुंजीचा. दिवाळीला जावयाचा दिवाळसण होतो, पाडव्याला बायकोला ओवाळणी मिळते, भाऊबीजेला बहिणीला. ‘दिवाळीचा आहेर’ म्हटलं, की अर्थ कळतो, पण जाणत्या कानाला शब्द जागचा हललेला वाटतो. शिवाय ‘घरचा आहेर’ म्हणजे आपल्याच माणसानं केलेली टीका. तो अर्थ ओळीच्या आसपास फिरकणंही नको. ओळ चांगली, पण बाजूला ठेवायची.

मग उरतो ‘भेट’. आणि इथे मराठीनं देणगीच देऊन ठेवली आहे. इंग्रजीला दोन शब्दांच्या आवाजाचा आधार घ्यावा लागला, तर मराठीत वस्तू आणि माणसं समोरासमोर येणं या दोन्हींना एकच शब्द आहे. अलंकारशास्त्रात याला अभंग श्लेष म्हणतात, म्हणजे शब्द न तोडता निघणारे दोन अर्थ. शिवाय हा शब्द कोरडा नाही. वारकरी पंढरीला जातो तो पांडुरंगाच्या भेटीसाठी, रामकथेत भरतभेट आहे, गावाकडे अजून गळाभेट होते. इंग्रजी ओळीत नसलेली आर्तता या शब्दात आधीपासून आहे.

शब्द सापडला म्हणजे ओळ झाली नाही. ‘भेट’ला कोणतं क्रियापद लावायचं, यावर पुढचं सगळं ठरतं. ‘घराला भेट द्या’ म्हटलं, तर पाहुणा प्रदर्शनाला किंवा पुलाच्या बांधकामाला भेट देतो तसं वाटतं. ‘आईवडिलांची भेट घ्या’ म्हटलं, तर शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटायला निघालं असावं. दोन्ही वाक्यं वर्तमानपत्री आहेत, घरच्या माणसांसाठी नाहीत.

सगळ्यात छोटी वाट म्हणजे क्रियापदच काढून टाकणं : ‘आईला भेट.’ इथे श्लेष पूर्ण उमलतो. ‘भेट’ हे नाम धरलं तर आईसाठी भेटवस्तू, आणि ‘भेटणे’चा एकेरी आज्ञार्थ धरला तर आईला जाऊन भेट. दोन शब्दांत दोन वाक्यं! पण मोठ्यानं वाचलं, की अडचण कळते. होर्डिंगवर शोभणारं ‘आईला’ रेडिओवर जरा घाईनं उच्चारलं, तर ‘आयला’ होतं, आणि त्या उद्गाराचा मराठीतला उपयोग सगळ्यांना ठाऊक आहे. आईच्या दिवाळीची ओळ शिवीच्या वळणावर सुरू झालेली कुणालाच चालणार नाही. कागदावर ही अडचण दिसत नाही, म्हणून ओळ मोठ्यानं म्हणून पाहणं आणि दुसऱ्याकडून म्हणवून घेणं, ही या कामातली न टाळण्याजोगी पायरी आहे.

दुसरी अडचण मानाची. हा श्लेष एकेरीतच जमतो. ‘भेटा’ म्हटलं, की वस्तूचा अर्थ गळून पडतो. पण कंपनी गिऱ्हाइकाला अरे-तुरे करू शकते का? खाद्यपदार्थांच्या किंवा मोबाइलच्या तरुण जाहिरातींत ‘तू’ चालून जातं. पन्नाशीचा प्रवासीही तिकीट काढणार असेल, तर ते अनेकांना खटकेल. ही मराठीची खास कसोटी आहे. इंग्रजीत ‘यू’ एकच असल्यामुळे मूळ ओळ लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडलेलाच नसतो, आणि काय हवं ते त्यानं सांगितलेलंही नसतं. मराठी लेखकाला ते विचारून घ्यावं लागतं.

या दोन्ही अडचणींतून वाट काढणारी ओळ बहुतेक घरांत कुठेतरी पडलेली असते. लग्नातल्या भेटपाकिटांवर, पुस्तकांच्या पहिल्या पानावर, वस्तूला बांधलेल्या चिठ्ठीवर : ‘सप्रेम भेट’. मराठी माणसाला हे दोन शब्द वाचावेही लागत नाहीत, इतके ते डोळ्यांच्या सवयीचे आहेत. त्यांचा अर्थ नेहमी वस्तू, असंच मनात बसलेलं. त्या सवयीलाच शेवटी एक धक्का द्यायचा :

‘यंदा सप्रेम भेट. प्रत्यक्ष.’

पूर्णविरामापर्यंत वाचक वस्तूच पाहतो. ‘प्रत्यक्ष’ वाचलं, की ‘प्रत्यक्ष भेट’ हा दुसरा ओळखीचा जोड मनात जुळतो आणि मागचा ‘भेट’ शब्द अर्थ बदलतो. नाम दोन्हीकडे नामच राहिलं, म्हणून ‘तू’ की ‘तुम्ही’ हा वाद मिटला. आई, बाबा, आजी, मित्र यांपैकी कुणाचंही नाव नाही, म्हणून ओळ वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत आणि कोणत्याही नात्याला चालते. पूर्णविरामाची जागा मात्र हलवता येत नाही. ‘यंदा प्रत्यक्ष सप्रेम भेट’ असं सरळ लिहिलं, तर शब्द तेच राहतात आणि धक्का जातो. छपाईच्या वेळी कुणी विरामचिन्ह ‘स्वच्छ’ करून टाकलं, तरी तेच होईल. म्हणून ओळीबरोबर तशी सूचना लिहून द्यावी लागते.

चित्राचाही विचार लेखकालाच करावा लागतो. चित्रात मुलगा दारात उभा आणि आई धावत येते आहे असं दाखवलं, तर ओळ वाचण्याआधीच उत्तर कळतं आणि श्लेषाला काम उरत नाही. ‘सप्रेम भेट’ लिहिलेली छोटी चिठ्ठी दोऱ्यानं प्रवासाच्या पिशवीला बांधलेली दाखवली, तर चित्र आणि ओळ एकमेकींना अर्धं अर्धं सांगतात. रेडिओवर चित्र नाही, तेव्हा पूर्णविरामाचं काम निवेदकाच्या थांबण्याला करावं लागतं. ‘भेट’नंतर गाडीचा हॉर्न किंवा दाराची कडी वाजवून मग ‘प्रत्यक्ष’ म्हणणं, ही तिथली युक्ती.

ओळ जमली की नाही, हे लिहिणाऱ्यानं ठरवू नये. त्याला दोन्ही अर्थ ठाऊक असतात, त्यामुळे ते त्याला दिसतातच. इंग्रजी ओळ न पाहिलेल्या पाच-सात माणसांना ती दाखवावी आणि फक्त एवढंच विचारावं, की ही जाहिरात कशाची वाटते? ‘भेटवस्तूंच्या दुकानाची’ असं उत्तर आलं, तर ओळ अर्ध्यातच तुटली. कुणी ओळ वाचून क्षणभर थांबलं आणि मग ‘घरी जायचं म्हणतायत’ असं म्हणालं, तर ती पोचली. समजावून सांगावं लागलं, तर ती बाद. यात मधला निकाल नसतो.

मराठी ओळींची सगळ्यात मोठी पडझड मात्र दुसऱ्याच ठिकाणी होते. देशभरच्या मोहिमांत इंग्रजीतून आधी हिंदी ओळ होते आणि मराठी ओळ त्या हिंदीवरून. मग ‘इस दिवाली पर’चं ‘या दिवाळीवर’ होतं, फराळाच्या ताटाऐवजी मिठाईचा पुडा येतो, ‘मला मदत करा’ऐवजी ‘माझी मदत करा’ ऐकू येतं. मूळच्या इंग्रजीतली कोटी हिंदीत आधीच गळालेली असते, म्हणून मराठी लेखकाच्या हाती कोटीचा पत्ताच पोचत नाही, नुसता अर्थ पोचतो. बसच्या ओळीची हिंदी ‘आपका साथ ही सबसे बड़ा तोहफ़ा’ अशी झाली असती, तर त्यावरून लिहिणाऱ्याला ‘भेट’ हा शब्द सुचण्याचं कारणच उरलं नसतं. ‘तुमची साथ हीच सर्वात मोठी भेट’ एवढ्यावर काम संपलं असतं, आणि त्या वाक्यातला ‘भेट’ झोपलेलाच राहिला असता.

कधी कोटी सोडून देणंही बरोबर असतं. दिवाळीच्या इंग्रजी जाहिरातींत ‘डिलाइट’मधला ‘लाइट’ वेगळ्या रंगात छापण्याची जुनी रीत आहे. मराठीत ते अक्षरांचं कातरकाम होणार नाही. तिथे ‘उजळणी’सारखा शब्द शोधता येतो : पाढ्यांची उजळणी आणि दिव्यांचं उजळणं. ‘नात्यांची उजळणी’ म्हटलं, की प्रकाश आहेच, आणि विसरलेलं पुन्हा आठवणंही आलं. पण जाहिरात दिव्यांच्या माळांची असेल आणि नात्यांचा संबंधच नसेल, तर ही सुंदर कोटीही ओढून आणलेली ठरेल. बसच्या ओळीलाही हीच मर्यादा आहे. मिठाईवाल्यानं ती वापरली, तर तो स्वतःच्याच पेढ्यांना ‘नको’ म्हणेल.

शेवटची पायरी म्हणजे ओळ ग्राहकापुढे ठेवणं. निर्णय घेणाऱ्या माणसाला बऱ्याचदा मराठी येत नाही. म्हणून लेखक साधारण दोन-तीन पर्याय देतो, प्रत्येकाखाली त्याचं शब्दशः इंग्रजी आणि त्याखाली चार ओळींचं स्पष्टीकरण. शब्दशः इंग्रजीत ‘यंदा सप्रेम भेट. प्रत्यक्ष.’ अगदीच निर्जीव दिसते, म्हणून स्पष्टीकरण नीट लिहिणं हे ओळ लिहिण्याइतकंच महत्त्वाचं. ‘सप्रेम भेट’ हे शब्द मराठी घरात कुठे कुठे छापलेले असतात, ते सांगावं लागतं. आपल्या उदाहरणात पहिला पर्याय हाच. दुसरा ‘आहेर नको, माहेर हवं’, फक्त माहेरी निघालेल्या मुलींसाठीच्या जाहिरातीपुरता. आणि तिसरा दिवाळीच्या शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलेला. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी जातो, ती ओवाळते, तो तबकात ओवाळणी घालतो. येणं आणि देणं एकाच कृतीत जोडणारा असा दुसरा दिवस नाही. त्या दिवशी ओळीत बोलणारी कंपनी नसते, घरातलं वडीलधारं माणूस असतं, म्हणून एकेरीही शोभतं :

‘ताईला भेट पाठवू नको. भेट.’

पहिला ‘भेट’ वस्तू, दुसरा आज्ञा. इथे चुकीचा अर्थ लागण्याची भीती नाही, कारण दोन्ही अर्थ शेजारी शेजारी उभे आहेत. श्लेषाची झाकली मूठ थोडी उघडली गेली, हे खरं. पण रेडिओवर आणि फोनच्या छोट्या पडद्यावर घाईत वाचणाऱ्यासाठी ही ओळ पहिलीपेक्षा सरस ठरेल.

या तीन ओळी मिळून दहा-पंधरा शब्द भरतात. शब्दांच्या भावानं मोजलं, तर त्यांची किंमत एका चहाइतकीही होणार नाही. म्हणून हे काम तासांवर किंवा अख्ख्या कामाच्या ठरीव रकमेवर करण्याची पद्धत आहे. जाहिराती देणाऱ्या कंपन्यांकडे मराठी लेखकांचं मागणं साधं आहे : दिवाळीची मूळ इंग्रजी ओळ आणि ती कशासाठी लिहिली याची टिपणी हिंदीच्या आधी नाही तरी हिंदीबरोबर हातात द्या, आणि छायाचित्र काढून होण्याच्या आत द्या.